फील्ड रिपोर्टची बांधणी: पीटीसी, व्हीओ आणि कटअवे यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्याने फील्डवर जाणारे रिपोर्टर आणि एकट्याने शूट करणारे व्हिडिओ जर्नलिस्ट यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. लाइव्हबद्दल इथे काही नाही. शूट करून, कापून, आवाज चढवून पाठवायचं जे पॅकेज असतं, साधारण दीड ते दोन मिनिटांचं, तेवढ्यापुरतीच ही उत्तरं आहेत. समजायला सोपं जावं म्हणून सगळीकडे एकच कल्पित बातमी घेतली आहे: नदीवरच्या एका पुलाच्या खांबाला तडा दिसला आणि मध्यरात्रीपासून तो जड वाहनांसाठी बंद झाला.

पीटीसी, व्हीओ आणि कटअवे यांची कामं नेमकी कशी वाटली जातात?

जे दिसतं ते शॉट सांगतो. दिसणाऱ्या गोष्टीमागचं कारण, आकडा, आधी काय घडलं हे व्हीओ, म्हणजे दृश्यावर चढवलेला रिपोर्टरचा आवाज, सांगतो. ज्याचं दृश्य मिळणारच नाही आणि तरीही बातमीला जे लागतं, ते रिपोर्टर कॅमेऱ्यासमोर उभा राहून सांगतो, ती पीटीसी. बाईट म्हणजे ज्याच्यावर वेळ आली आहे किंवा ज्याची जबाबदारी आहे त्याचं बोलणं.

कटअवे या सगळ्यांपेक्षा वेगळा. तो स्वतः फारसं काही सांगत नाही, दोन तुकडे जोडतो. इंजिनिअर बोलताना मध्येच त्याच्या हातातल्या नकाशाचा शॉट येतो, तो कटअवे. म्हणूनच तो सगळ्यात जास्त विसरला जातो. त्याची आठवण येते एडिट टेबलवर, तोवर इंजिनिअर निघून गेलेला असतो.

बांधणी कधी ठरवायची? शूटच्या आधी, नंतर, की एडिटला बसल्यावर?

जागेवर असतानाच. निघताना डोक्यात असतो तो अंदाज, आणि एडिटला बसल्यावर हातात असतं ते फक्त मिळालेलं सामान. त्यामुळे खरा निर्णय घ्यायची वेळ म्हणजे पहिले बाईट झाल्यानंतरची आणि पीटीसी करण्याआधीची पाच-दहा मिनिटं. त्या वेळात गाडीत किंवा भिंतीला टेकून, कागदावर उभी रेघ मारून डावीकडे दृश्य आणि उजवीकडे आवाज असं लिहून काढा. डावी बाजू कुठे रिकामी राहते ते लगेच दिसतं. ती जागा एक तर आत्ता जाऊन शूट करायची, नाहीतर तिथे पीटीसी ठेवायची. पीटीसी कुठे येणार, हे या कागदावरून ठरतं. चांगली पार्श्वभूमी सापडली म्हणून ठरवायचं नसतं.

एक पूर्ण पॅकेज सेकंदासकट मांडून दाखवता येईल का?

पुलाचीच बातमी घेऊ. लांबी १ मिनिट ४५ सेकंद, म्हणजे १०५ सेकंद.

सुरुवात ४ सेकंदांच्या नैसर्गिक आवाजाने: पुलाच्या तोंडाशी पोलिसाची शिट्टी, मागे वळणाऱ्या ट्रकचा बीप-बीप आवाज. रिपोर्टर गप्प. मग १२ सेकंदांचा व्हीओ:

"पुलावर यायला परवानगी नाही, हे या ट्रकचालकाला पुलाच्या तोंडाशीच कळलं. काल मध्यरात्रीपासून जड वाहनांना हा पूल बंद आहे. पलीकडे जायला आता एकेचाळीस किलोमीटरचा वळसा."

हे चोवीस शब्द झाले. बातमीच्या वेगाने मराठी वाचताना सेकंदाला सुमारे दोन शब्द धरले तर हिशेब बहुतेक जुळतो. इंग्रजीसाठी सेकंदाला तीन शब्दांचं गणित सांगतात, ते आपल्याकडे चालत नाही. 'मध्यरात्रीपासून' हा एकटा शब्दच किती लांब आहे बघा. तरी अंदाजावर न राहता मोबाइलचं घड्याळ लावून मोठ्याने वाचा. मनातल्या मनात वाचलं की वेळ नेहमी कमीच भरतो.

त्यानंतर ट्रकचालकाचा बाईट, ११ सेकंद. मग १५ सेकंदांचा दुसरा व्हीओ, त्यावर पुलाखालून घेतलेले खांबाचे शॉट आणि तड्याचा क्लोज-अप. हलक्या गाड्या चालतात पण ट्रक का नाही, हे इथे सांगायचं. पुढे इंजिनिअरचा बाईट, १५ सेकंद, मध्ये एक कटअवे. मग पीटीसी, १८ सेकंद. त्यानंतर १२ सेकंदांचा व्हीओ, पुलावरून चालत जाणाऱ्या लोकांवर. त्यांच्यातल्याच एका बाईंचा ८ सेकंदांचा बाईट. शेवटचा व्हीओ १० सेकंद: तपासणीचं पुढचं पाऊल काय, आणि दृश्य मोकळ्या पुलाचं. बेरीज करून बघा, १०५ भरते.

एकूण ३४ सेकंद बाईट, ४९ सेकंद व्हीओ, १८ सेकंद पीटीसी. हे प्रमाण म्हणजे नियम नव्हे. पण पीटीसी सगळ्या बाईटच्या बेरजेपेक्षा लांब व्हायला लागली, तर बातमीत रिपोर्टर जास्त झाला आहे असं खुशाल समजा.

पीटीसी सुरुवातीला, मध्ये की शेवटी?

शेवटी करण्याची सवय सगळ्यांना आहे, कारण नाव आणि चॅनेल सांगून सही करता येते. तोटा असा की शेवटची पीटीसी हमखास 'आता पुढे काय होतं हे पाहणं महत्त्वाचं ठरेल' या वाक्यावर येऊन थांबते. ते वाक्य कुठल्याही बातमीला चिकटतं, म्हणजे या बातमीत त्याने काहीच भर घातली नाही.

सुरुवातीला पीटीसी क्वचितच ठेवावी. पहिल्या काही सेकंदांत तुमचं सगळ्यात दमदार दृश्य दिसायला हवं आणि ते बहुतेक वेळा तुमचा चेहरा नसतो. शिवाय अँकरने नुकतंच बातमीचं तोंड वाचलेलं असतं. एका बोलणाऱ्या चेहऱ्यावरून लगेच दुसऱ्या बोलणाऱ्या चेहऱ्यावर जाणं जड वाटतं. रिपोर्टर कमरेएवढ्या पाण्यात उभा आहे आणि त्याचं तिथे असणं हीच बातमी आहे, असं असेल तर गोष्ट वेगळी.

मधली पीटीसी, जिला ब्रिज म्हणतात, ती मला सगळ्यात उपयोगाची वाटते. बातमी एका जागेवरून दुसरीकडे, एका काळातून दुसऱ्या काळात किंवा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाते तिथे ती बसते. आपल्या उदाहरणात इंजिनिअरच्या बाईटनंतर बातमी तड्यावरून निर्णयाकडे वळते. निर्णय बंद दाराआड झाला, त्याचं दृश्य नाही. म्हणून तिथे रिपोर्टर रिकाम्या पुलावर उभा राहतो:

"हा निर्णय काल रात्री झाला. बैठकीला पत्रकारांना प्रवेश नव्हता, आणि तपासणीचा अहवालही बैठकीनंतर जाहीर केला नाही. मी उभा आहे इथून पुढे ट्रक जाणार नाही, हे नक्की. तो पुन्हा कधी जाईल, हे तेव्हा कुणीच सांगितलं नाही."

यात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. 'मी उभा आहे इथून' हे शब्द फक्त त्याच जागेवरून बोलता येतात. स्टुडिओत बसून हीच पीटीसी वाचता आली नसती. आणि आकडा एकही नाही. एकेचाळीस किलोमीटर व्हीओत टाकले, पीटीसीत नाही.

पीटीसीत आकडे का नकोत?

कारण पीटीसी दुरुस्त करता येत नाही. व्हीओतला आकडा बदलला तर तेवढी ओळ पुन्हा रेकॉर्ड होते, पाच मिनिटांत. पीटीसीतला आकडा बदलला तर त्याच कपड्यांत, त्याच उजेडात, त्याच जागी परत उभं राहावं लागतं. अपघातातल्या जखमींची संख्या, कारवाई झालेल्यांची संख्या, 'अजूनही', 'या क्षणी' असे शब्द, हे सगळं प्रसारणापर्यंत बदलू शकतं. पीटीसीत तेच ठेवा जे संध्याकाळीही खरं असेल.

याच कारणाने काही जण पीटीसीचे दोन पाठ रेकॉर्ड करून ठेवतात, एक निर्णय झाला असं धरून आणि एक न झाला असं धरून. निकाल किंवा घोषणा तोंडावर असेल तर ही चांगली सवय आहे. फक्त फाइलला नाव नीट द्या. चुकीचा पाठ ऑन एअर गेला तर काय होतं ते सांगायला नको.

पीटीसी पाठ करावी का?

शब्दन् शब्द पाठ केली की डोळे आत वळतात. रिपोर्टर समोरच्याशी बोलत नाही, आठवतो आहे, हे लेन्समध्ये लगेच कळतं. पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य पक्कं ठेवा, मधले दोन मुद्दे नुसते लक्षात ठेवा. वीस सेकंदांत यापेक्षा जास्त मावतही नाही. तरी अडखळत असाल तर स्मरणशक्तीला दोष देऊ नका, बहुतेक वेळा वाक्यच लांब असतं. 'की', 'जे', 'ज्यामुळे' दिसेल तिथे तोडा.

बोलण्याआधी दोन-तीन सेकंद लेन्सकडे बघून शांत उभे राहा, संपल्यावरही तेवढंच. 'झालं का?' असं विचारायला मान लगेच वळली, तर शेवटचा शब्द कापावा लागतो. चालत पीटीसी करायची असेल तर चालण्याला काम हवं: बॅरिकेडपासून तड्याच्या जागेपर्यंत जाताय तर ठीक. नुसतंच चार पावलं पुढे येऊन थांबणं म्हणजे व्यायाम.

व्हीओत दृश्याचंच वर्णन होतं. ते कसं टाळायचं?

'आपण पाहू शकता' हे शब्द लिहिले गेले की थांबा. प्रेक्षक पाहतोच आहे. पडद्यावर ट्रक मागे वळतो आहे आणि तुम्ही म्हणता 'ट्रक मागे वळवले जात आहेत', तर तीन सेकंद वाया गेले. त्याऐवजी ट्रकमध्ये काय आहे, तो कुठून आला, वळशाला किती वेळ लागणार, ते सांगा.

पण उलट टोकही गाठू नका. पडद्यावर पूल आणि आवाजात मागच्या महिन्यातली बैठक, असं झालं की प्रेक्षकाचं दोन्हीकडचं लक्ष उडतं. शब्दाने दृश्याला हात लावलेला असावा, त्याची नक्कल करू नये. 'हा तडा' म्हणताना तडा दिसलाच पाहिजे; त्यापुढे तो कुणाला आणि कसा सापडला, हे बोलायला तुम्ही मोकळे.

लिहिण्याचा क्रम उलटा ठेवला की हे आपोआप साधतं. आधी बाईट निवडा, मग शॉट ओळीने लावा, आणि व्हीओ सगळ्यात शेवटी लिहा.

बाईटच्या आधीचा व्हीओ आणि बाईट एकच गोष्ट बोलतात, असं डेस्क सांगतं. म्हणजे काय?

व्हीओ: 'वळशामुळे माल वेळेवर पोहोचणार नाही, असं ट्रकचालक सांगतात.' लगेच बाईट: 'माल वेळेवर पोहोचणार नाही.' घाईत ही चूक फार होते, कारण व्हीओ लिहिताना कानात बाईटच वाजत असतो.

व्हीओने प्रेक्षकाला दारापर्यंत न्यायचं, आत बाईटने घ्यायचं. 'या ट्रकमध्ये भाजी आहे आणि ती पहाटेच भरली आहे' एवढं सांगून थांबा. मग चालक म्हणतो, 'दुपारपर्यंत सगळी मऊ पडणार, घेणार कोण?' माहिती तुमची, तळमळ त्याची. एक मोजपट्टी सांगतो: जी माहिती तुम्ही कमी शब्दांत देऊ शकता ती बाईटमधून काढा, आणि जे फक्त तोच माणूस म्हणू शकतो ते त्याच्याकडे ठेवा.

कटअवे कोणते घ्यायचे? दहा-बारा घेतले तरी एडिटर म्हणतो, कामाचा एकही नाही.

कारण ते बोलण्याशी बांधलेले नव्हते. झाडाचं पान, फिरणारा पंखा, गर्दीतले पाय हे कुठेही लागतात, म्हणून कुठेच नीट लागत नाहीत.

इंजिनिअरचंच उदाहरण सावकाश बघू. त्याने चाळीस सेकंद उत्तर दिलं. सुरुवातीला तडा कुठे आहे ते सांगितलं, मध्ये कार्यालयीन प्रक्रिया, शेवटी जड गाडीच्या वजनाने तडा कसा वाढू शकतो ते. तुम्हाला सुरुवात आणि शेवट हवा, पंधरा सेकंदांत. मधला भाग काढून दोन टोकं जोडली की चेहरा एकदम उडी मारतो: मान डावीकडे होती, क्षणात उजवीकडे. हा जंप कट. तो झाकायला त्या जागी तीन-चार सेकंदांचा शॉट लागतो आणि आवाज खालून अखंड चालू राहतो.

आता शॉट कोणता? उत्तर ऐकतानाच लक्षात ठेवायचं की इंजिनिअर 'तिसऱ्या खांबाच्या वरच्या भागात' म्हणाला आणि त्याने बोट दाखवलं. बाईट संपल्यावर त्याला थांबवून तेच बोट पुन्हा दाखवायला लावायचं नाही. तो तिसरा खांब शूट करायचा, त्याने बघितला त्याच बाजूने. शिवाय त्याच्या हातातला नकाशा, आणि तो व तुम्ही दोघं दिसाल असा लांबचा शॉट, इतका लांब की ओठ वाचता येणार नाहीत. ओठ दिसले तर आवाजाशी जुळत नाहीत आणि डोळ्याला ते लगेच खटकतं.

प्रत्येक शॉट हात न हलवता दहा सेकंद धरा. मनातल्या मनात मोजलेले दहा प्रत्यक्षात सहाच निघतात, म्हणून मोजणी सावकाश. वापरायचे असतात तीन-चार सेकंद, पण त्यातले कुठले हे आत्ता माहीत नसतं. आणि एडिटमध्ये कटअवे जोडाच्या थोडा आधी सुरू करून थोडा नंतर संपवा. बरोबर जोडावर ठेवला की पट्टी लावलेली जखम दिसावी तसा तो दिसतो.

एक तांत्रिक गोष्ट इथेच सांगून टाकतो. तुम्ही आणि बोलणारा यांच्यामध्ये एक काल्पनिक रेघ धरा आणि सगळे शॉट तिच्या एकाच बाजूने घ्या. रेघ ओलांडली की एका शॉटमध्ये डावीकडे बघणारा माणूस पुढच्या शॉटमध्ये उजवीकडे बघतो आणि दोघं एकाच दिशेला तोंड करून बोलत आहेत असं वाटतं.

कटअवेखाली बाईट कापणं ही फसवणूक नाही का?

होऊ शकते, आणि प्रेक्षकाला कळणारही नाही. म्हणून जबाबदारी जास्त. इंजिनिअर म्हणाला, 'पूल सुरक्षित आहे, पण फक्त हलक्या गाड्यांसाठी.' कटअवेच्या आडून 'पण'पासून पुढचं गेलं, तर तुम्ही त्याच्या तोंडून खोटं वदवलं. कापलेलं वाक्य त्याच माणसाला ऐकवलं तर तो 'हो, मी हेच म्हणालो' असं म्हणेल का, एवढं तपासा. वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं एका वाक्यात जोडू नका.

दुसरा मुद्दा रिपोर्टरच्या मान डोलावण्याच्या शॉटचा. मुलाखत संपल्यावर कॅमेरा फिरवून, समोर कुणी नसताना रिपोर्टर मान हलवतो आणि तो शॉट कटअवे म्हणून लागतो. ब्रिटनच्या फाइव्ह न्यूजने २००७ मध्ये असे बनवलेले शॉट वापरणं बंद केलं होतं. मलाही ते आवडत नाहीत. झाकायला काहीच नसेल तर मी साधा डिझॉल्व्ह किंवा क्षणभराचा पांढरा फ्लॅश ठेवीन; इथे कापलं आहे, हे प्रेक्षकाला दिसलं तर बिघडत काही नाही.

व्हीओ फील्डवरच रेकॉर्ड करायचा असेल तर कुठे?

बंद गाडीत. इंजिन आणि एसी बंद, काचा वर, माईक तोंडापासून वीतभर आणि जरा बाजूला, म्हणजे 'प' आणि 'फ' फुटत नाहीत. गाडीतल्या सीटचं कापड आवाज शोषतं. रिकाम्या खोलीत किंवा जिन्यात तो घुमतो आणि एडिटमध्ये नीट निघत नाही. शक्यतो पीटीसीचाच माईक वापरा, नाहीतर व्हीओतून पीटीसीत जाताना आवाजाचा पोत बदलतो आणि दुसराच माणूस बोलतो आहे असं वाटतं.

आणि जागा सोडण्याआधी कुणीही न बोलता तीस सेकंद त्या ठिकाणचा नुसता आवाज रेकॉर्ड करा. बाईटच्या जोडात, व्हीओखाली, पीटीसीच्या आधी तो हळू आवाजात अंथरला की तुकडे एकसंध वाटतात. तो नसेल तर प्रत्येक कटला मागची वाहतूक एकदम बंद होते आणि एकदम सुरू होते. डोळ्याने पकडलं नाही तरी कानाला ते कळतं.

एकटाच आहे, मोबाइलवर शूट करतोय. क्रम काय ठेवू?

आधी जे निघून जाणार ते: मागे वळणारे ट्रक, पोलीस, गर्दी. मग बाईट, आणि प्रत्येक बाईटच्या पाठोपाठ लगेच त्याचे कटअवे. 'सगळे शेवटी घेऊ' म्हटलं की राहतात. मग दृश्य आणि आवाजाचा तो कागद. मग पीटीसी, आणि गाडीत व्हीओ.

मोबाइल आडवा, एअरप्लेन मोडवर, मागचा कॅमेरा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक. पीटीसीसाठी स्टँडवर लावताना स्वतःच्या जागी एखादी बॅग ठेवून फोकस घ्या, मग बॅग काढून तिथे उभे राहा. पहिला टेक झाला की इअरफोन लावून तो पूर्ण ऐका. वाऱ्याचा घरघराट स्क्रीनवर दिसत नाही.

पॅकेज लांबतंय, पाठवायला वेळ नाही. आधी काय कापू?

शेवटचा व्हीओ बघा. त्यातलं निम्मं बहुधा आधीच बोलून झालेलं असतं. त्यानंतर दोन सारख्या बाईटपैकी एक. पुलाच्या बातमीत पंधरा सेकंद काढायचे झाले तर बाईंचा ८ सेकंदांचा बाईट जाईल आणि त्याच्या आधीच्या व्हीओतले ७ सेकंद, कारण त्रास काय आहे ते ट्रकचालकाने सांगितलेलं आहे. सुरुवातीचे नैसर्गिक आवाजाचे ४ सेकंद मात्र सोडू नका. डेस्कवरून सगळ्यात आधी तेच कापायला सांगितले जातात, आणि ते गेले की पॅकेज थेट तुमच्या आवाजावर उघडतं.